छत्तिसावा जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची संख्या ३५ची ३६ झाली. वसई, डहाणू, जव्हार, मोखाड्याची माणसं होती तिथंच राहिली. बदलला तो त्यांच्या पत्त्यातला एक शब्द. आता समजा, एखाद्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्यांची यादी पक्की लिहून ठेवली आहे आणि तिच्यात पस्तीसच नावं आहेत. दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या माहितीत एके दिवशी ‘पालघर’ हा शब्द येतो. या प्रोग्रॅमनं काय करावं? नोंद परत पाठवावी, ठाणे समजून पुढे जावं, की तिथल्या तिथं बंद पडावं?

हा प्रसंग कधीतरी येणार हे उघडच होतं. १९६० साली राज्य स्थापन झालं तेव्हा जिल्हे होते २६. पुढे सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली अशी भर पडत गेली. यादी वाढणार याबद्दल शंका नव्हती. कधी वाढेल आणि नवं नाव काय असेल, एवढंच माहीत नव्हतं. तरीही पस्तीस नावांची यादी लिहिणारा प्रोग्रॅमर ती जणू कायमची आहे अशा थाटात लिहितो, कारण तो लिहायला बसतो त्या दिवशी ती खरोखरच पूर्ण असते.

ठरावीक नावांच्या अशा यादीला प्रोग्रॅमर मंडळी ‘एनम’ म्हणतात. रेल्वेचं तिकीट कन्फर्म, आरएसी की वेटिंग. पैसे पोहोचले, अडकले की परत आले. ही सगळी एनमचीच उदाहरणं. मोबाइलवरचं अ‍ॅप दूरच्या संगणकाला काहीतरी विचारतं आणि तो उत्तर पाठवतो. विचारणारा क्लायंट, उत्तर देणारा सर्व्हर आणि त्याचं उत्तर म्हणजे रिस्पॉन्स. रिस्पॉन्स हा एका भरलेल्या फॉर्मसारखा असतो. त्यातल्या प्रत्येक रकान्याला फील्ड म्हणतात आणि काही रकान्यांत एनममधलंच एखादं नाव येऊ शकतं.

सर्व्हर एका मालकाच्या ताब्यात असतो, त्यामुळे तो आज रात्रीत बदलता येतो. क्लायंट मात्र हजारो लोकांच्या खिशात विखुरलेले असतात. कुणी अ‍ॅप दर आठवड्याला अपडेट करतं, तर कुणाच्या फोनमध्ये जागाच नसल्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं अ‍ॅप तसंच पडून असतं. काही क्लायंट तर दुसऱ्याच कंपनीनं लिहिलेले असतात आणि ते लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. नवा सर्व्हर आणि जुना क्लायंट यांची गाठ अशी रोजच पडते.

घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या रिस्पॉन्समध्ये पार्सलची स्थिती सांगणारं `status` नावाचं फील्ड आहे आणि त्यात चार शब्द येऊ शकतात: `BOOKED`, `IN_TRANSIT`, `DELIVERED`, `CANCELLED`. नोंदलं, वाटेत आहे, पोहोचलं, रद्द झालं. हा रिस्पॉन्स वाचणारे तिघे आहेत. एक, ग्राहकाच्या आयफोनवरचं अ‍ॅप. दुसरा, माल विकणाऱ्या दुकानदाराचा जावामध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम. तिसरा, रद्द झालेल्या पार्सलचे पैसे ग्राहकाला परत करणारा प्रोग्रॅम.

कंपनी एक नवी सोय काढते. ग्राहक घरी नसेल तर पार्सल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवायचं आणि त्यानं सवडीनं तिथून न्यायचं. या स्थितीला चारांपैकी एकही शब्द नीट बसत नाही, म्हणून पाचवा शब्द ठरतो: `AT_PICKUP_POINT`. शिवाय दुकानाचा पत्ता सांगणारं `pickup_address` हे नवं फील्डही येतं. सर्व्हरवर हे दोन तासांचं काम.

आधी नव्या फील्डचं काय होतं ते पाहू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. ज्याला या रकान्याची माहिती नाही त्यानं त्याकडे बघू नये, आपल्याला हवे ते रकाने नावानं शोधून वाचावेत, एवढी शिस्त पाळली तर काहीच बिघडत नाही. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकानं २०११ साली या सवयीबद्दल लिहिताना तिला ‘टॉलरंट रीडर’ म्हटलं. मराठीत सोशिक वाचक म्हणता येईल. वाचकानं हवं तेवढंच घ्यावं आणि उरलेल्या मजकुराविषयी कमीत कमी गृहीत धरावं, अशी ही कल्पना.

पण प्रत्येक अवजार जन्मतः सोशिक नसतं. जावामध्ये रिस्पॉन्स वाचायला जॅक्सन नावाची लायब्ररी सर्रास वापरली जाते. तिच्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्त्यांत `FAIL_ON_UNKNOWN_PROPERTIES` हे सेटिंग मुळातच चालू असतं. अनोळखी फील्ड दिसलं की ती `UnrecognizedPropertyException` अशी तक्रार करून वाचन थांबवते. म्हणजे दुकानदाराच्या प्रोग्रॅमला `pickup_address`शी काही देणंघेणं नसलं, तरी तो रकाना नुसता दिसल्यामुळे त्याचा हिशेब अडतो. गंमत अशी की जावाच्याच जगातल्या स्प्रिंग बूट या लोकप्रिय साच्यात हे सेटिंग आपोआप बंद केलेलं असतं. त्यामुळे एकाच लायब्ररीवर बेतलेल्या दोन प्रोग्रॅमपैकी एक निवांत चालतो आणि दुसरा कोसळतो. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे वाक्य अशा वेळी दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे म्हटलं जातं.

नवं फील्ड आणखी एका आडवाटेनं त्रास देतं आणि तो त्रास लगेच दिसत नाही. समजा दुकानदाराचा प्रोग्रॅम पार्सलची नोंद वाचतो, तिच्यातला फोन नंबर दुरुस्त करतो आणि पूर्ण नोंद सर्व्हरकडे परत पाठवतो. न ओळखलेलं फील्ड त्यानं वाचतानाच टाकून दिलेलं होतं. परत गेलेल्या नोंदीत ते नसतंच आणि सर्व्हर समजतो की पत्ता मुद्दाम पुसला. गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या माहिती पाठवण्याच्या पद्धतीत हा बदल होऊन पुन्हा मागे घ्यावा लागला. २०१६ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीनं अनोळखी फील्ड वाचताना फेकून द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, ३.५ या आवृत्तीत, ती जपून ठेवण्याची जुनी रीत परत आणली. आपल्याला न कळणारा कागद फाइलमधून काढून टाकायचा नाही, तसाच पुढे सरकवायचा, असं कचेरीतला मुरलेला कारकूनही सांगेल.

आता पाचव्या शब्दाकडे. इथं दुखणं जास्त खोल आहे. अनोळखी रकान्याकडे काणाडोळा करता येतो, पण ओळखीच्या रकान्यात अनोळखी शब्द आला तर तो रकाना वाचावाच लागतो.

आयफोनवरचं अ‍ॅप स्विफ्ट या भाषेत लिहिलेलं आहे. त्यात चार शब्दांचं एनम जाहीर केलेलं असेल, तर पाचवा शब्द आल्यावर वाचन फसतं आणि `Cannot initialize Status from invalid String value AT_PICKUP_POINT` असा संदेश लॉगमध्ये उमटतो. एवढ्यावर भागत नाही. ग्राहकाची वीस पार्सलं एका यादीत आली असतील आणि त्यांतलं एकच किराणा दुकानात असेल, तरी सरळ पद्धतीनं वाचलेली अख्खी यादी फुकट जाते. ग्राहकाला दिसतो कोरा पडदा. तक्रार येते ती ‘माझी सगळी पार्सलं गायब झाली’ अशी, आणि ज्याचं कुठलंच पार्सल दुकानात ठेवलेलं नाही त्याला काहीच होत नाही. त्यामुळे चाचणी करणाऱ्याच्या फोनवर अ‍ॅप हमखास नीट चालतं.

जावाच्या जगातली जीसॉन ही दुसरी लायब्ररी अशा वेळी आरडाओरडा करत नाही. ती अनोळखी शब्दाच्या जागी मुकाट्यानं `null`, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवते. प्रोग्रॅम पुढे जातो आणि भलत्याच ठिकाणी, भलत्याच कारणानं पडल्यासारखा दिसतो. शोधणाऱ्याचा अर्धा दिवस तिथंच जातो.

तरीही कोसळणारे प्रोग्रॅम परवडले, कारण ते निदान दिसतात. खरी भीती तिसऱ्या वाचकाची, पैसे परत करणाऱ्या प्रोग्रॅमची. तो लिहिणाऱ्यानं विचार केला होता की शब्द चारच आहेत, तर तीन तपासले की उरलेला चौथाच असणार:

```python
if s == "BOOKED":
    wait()
elif s == "IN_TRANSIT":
    wait()
elif s == "DELIVERED":
    close()
else:
    refund()
```

चार शब्दांच्या जगात ही ओळन् ओळ बरोबर आहे. पाचवा शब्द येताच मात्र तो शेवटच्या `else`मध्ये पडतो आणि किराणा दुकानात सुखरूप ठेवलेल्या पार्सलचे पैसे ग्राहकाच्या खात्यात परत जातात. लॉगमध्ये एकही चूक नोंदली जात नाही. महिनाअखेरीला परताव्याची रक्कम का फुगली म्हणून कुणीतरी विचारतं, तेव्हा शोध सुरू होतो. `else` म्हणजे ‘बाकी सगळे’, आणि त्या ‘सगळ्यां’मध्ये अजून जन्माला न आलेलेही येतात.

याचा इशारा फार जुना आहे. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांनी कसं वागावं हे ठरवणारा RFC 1122 नावाचा दस्तऐवज ऑक्टोबर १९८९ मध्ये निघाला. त्याआधी दशकभर जॉन पोस्टेल यांचं तत्त्व प्रचलित होतं, की पाठवताना काटेकोर असावं आणि स्वीकारताना उदार. १९८९च्या दस्तऐवजानं या उदारपणाचा अर्थ उलगडून सांगितला आणि त्यासाठी घेतलेलं उदाहरण नेमकं आपलंच आहे: नियमात चार एरर कोड दिलेले असले तरी ती यादी अपुरीच आहे असं धरावं आणि पाचवा कोड आला म्हणून सॉफ्टवेअरनं मोडून पडू नये. त्याची नोंद हवी तर करावी, पण काम बंद पडता कामा नये.

वाचणाऱ्याच्या बाजूनं उपाय छोटा आहे. यादीत आणखी एक जागा ठेवायची, ‘ओळख पटली नाही’ या अर्थाची. स्विफ्टमध्ये ते असं दिसतं:

```swift
init(from d: Decoder) throws {
    let raw = try d.singleValueContainer()
                   .decode(String.self)
    self = Status(rawValue: raw) ?? .unknown
}
```

आधी शब्द नुसता मजकूर म्हणून वाचला, मग ओळखीचा आहे का पाहिलं, नसेल तर `unknown`. आता एकोणीस पार्सलं नीट दिसतात आणि विसाव्यापुढे ‘स्थिती समजली नाही, नवं अ‍ॅप घ्या’ असं काहीतरी येतं. मूळ शब्द मात्र लॉगमध्ये जपायला हवा, नाहीतर कोणता अनोळखी पाहुणा येऊन गेला हे कधीच कळणार नाही.

पण ‘ओळख पटली नाही’ असं लिहून ठेवलं म्हणजे सुटलो असं नाही. अनोळखी स्थितीत नेमकं काय करायचं, हे प्रत्येक वाचकाला आपापल्या कामावरून ठरवावं लागतं. नुसतं दाखवणाऱ्या अ‍ॅपनं मोघम वाक्य दाखवलं तरी चालतं. हिशेबाच्या प्रोग्रॅमनं ती नोंद बाजूला ठेवून बाकीचा हिशेब पुरा करावा. पैसे परत करणाऱ्यानं काहीही करू नये: परतावा फक्त `CANCELLED` असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच, आणि अनोळखी शब्द माणसाकडे. सोशिक असणं आणि अंदाजानं काहीतरी करून टाकणं, या दोहोंत लोक गल्लत करतात. ज्या प्रोग्रॅमनं `else`मध्ये परतावा दिला तोही एका अर्थी सोशिकच होता. त्यानं पाचवा शब्द विनातक्रार गिळला.

पाठवणाऱ्याची बाजू यापेक्षा किचकट आहे, कारण त्याला वाट पाहता आली पाहिजे. शहाणपणाचा क्रम असा की आधी `unknown` समजणारं अ‍ॅप लोकांच्या हातात द्यायचं, जुनी अ‍ॅपं किती उरली हे मोजायचं आणि मगच नवा शब्द सोडायचा. मोजणं अवघड नसतं. अ‍ॅपनं प्रत्येक विनंतीबरोबर स्वतःचा आवृत्ती-क्रमांक पाठवला तर सर्व्हरच्या लॉगमध्ये जुन्यांचा वाटा रोज दिसतो. हा वाटा सहसा शून्यावर येत नाही. काही दिवस झपाट्यानं उतरतो आणि मग शेपटासारखा लांबत राहतो. म्हणून सर्व्हर विचारणाऱ्याची आवृत्ती पाहून उत्तर देतो: नव्यांना नवा शब्द, जुन्यांना चारांपैकी जवळचा.

जवळचा कोणता, हे ठरवतानाच कस लागतो. पार्सल दुकानात पोहोचलं म्हणून `DELIVERED` सांगितलं तर जुना प्रोग्रॅम व्यवहार बंद करून टाकेल आणि ग्राहक मात्र पार्सलची वाट पाहत बसेल. `IN_TRANSIT` बोथट असलं तरी खोटं नाही, कारण वस्तू अजून ग्राहकाच्या हातात पडलेली नाही. पण त्याचीही किंमत आहे. दुकानदाराचा प्रोग्रॅम जर चार दिवस ‘वाटेत’ असलेल्या पार्सलबद्दल आपोआप उशिराची तक्रार करत असेल, तर किराणा दुकानात निवांत पडलेल्या पार्सलवरून तो तक्रारींचा रतीब घालेल. जुन्या शब्दात नवा अर्थ बसवताना तो शब्द कोण कशासाठी वाचतं हे माहीत असावं लागतं, आणि ते सगळं कधीच माहीत नसतं.

यावरून बरेच अनुभवी लोक तिसऱ्याच रस्त्यानं जातात. ते मोठा शब्द आणि बारीक तपशील वेगळे ठेवतात:

```json
{
  "status": "IN_TRANSIT",
  "status_detail": "AT_PICKUP_POINT",
  "status_text": "पार्सल जवळच्या दुकानात आहे"
}
```

`status`मधले चार शब्द सहसा बदलायचेच नाहीत. `status_detail` वाढत राहील असं पहिल्या दिवसापासून कागदोपत्री सांगून ठेवायचं. `status_text` माणसानं वाचायचं. प्रोग्रॅमनं त्यावरून निर्णय घ्यायचा नाही, त्यामुळे त्यातले शब्द हवे तेव्हा बदलता येतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा ज्यांच्याकडे जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक आणि दाखवायचं नाव वेगळं होतं, त्यांना फक्त नाव बदलावं लागलं असणार. ज्यांनी नावालाच ओळख मानलं होतं, त्यांची जुनी आणि नवी नोंद दोन वेगळे जिल्हे म्हणून उभी राहायला वेळ लागत नाही.

मोठा शब्द आणि तपशील वेगळे ठेवण्याची ही युक्ती रोजच्या वापरातली आहे. वेबपेज सापडलं नाही की दिसणारा ४०४ हा आकडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. या आकड्यांत पहिला अंक वर्ग सांगतो: २ म्हणजे काम झालं, ४ म्हणजे विचारणाऱ्याच्या विनंतीत खोट, ५ म्हणजे सर्व्हरच्याच पोटात दुखतंय. नियम असा की अनोळखी आकडा आला तर पहिला अंक पाहून त्याच्या वर्गाचा शून्य-शून्यवाला आकडा आल्यासारखं वागावं. २०१२ साली ‘फार घाईनं विचारताय, जरा दमानं’ असं सांगणारा ४२९ आला, २०१६ साली ‘कायदेशीर कारणानं दाखवता येत नाही’ असं सांगणारा ४५१. जुन्या ब्राउझरनी यांना ४०० समजायचं होतं. त्यांना तपशील कळला नाही, पण नकार मात्र कळला. (४५१ हा आकडा रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तकं जाळण्याविषयीच्या कादंबरीच्या नावातून उचललेला आहे; मानकं लिहिणाऱ्यांनाही कधीमधी लहर येते.)

मात्र सगळंच अनोळखी दुर्लक्षिण्यासारखं नसतं. समजा कंपनीच्या रिस्पॉन्समध्ये `amount` हे फील्ड रुपयांत येत होतं: ४५०. एके दिवशी त्याच्या शेजारी `unit` हे नवं फील्ड आलं, त्यात `paise` लिहिलं आणि `amount` झाला ४५०००. कागदावर पाहिलं तर फक्त एक फील्ड वाढलं. सोशिक वाचक नियमाप्रमाणे त्याकडे काणाडोळा करतो आणि ग्राहकाकडे पंचेचाळीस हजार रुपये मागतो. नवं फील्ड जुन्या फील्डचा अर्थ बदलत असेल तर ती भर नसते, मोडतोड असते. अशा वेळी `amount`ला हात न लावता `amount_paise` हे वेगळंच फील्ड द्यावं लागतं. ते न वाचणाऱ्याला जुना अर्थ जसाच्या तसा मिळाला पाहिजे, ही कसोटी लावली की बहुतेक वाद मिटतात.

पीएनजी या चित्रांच्या फाइलनं १९९६ सालीच या पेचावर सुबक तोड काढली. ही फाइल तुकड्यातुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याला चार अक्षरी नाव असतं. पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर तो तुकडा समजल्याशिवाय चित्र दाखवायचं नाही. स्मॉल असेल तर न कळल्यास खुशाल सोडून द्यावा. चित्राची लांबीरुंदी सांगणारा `IHDR` कॅपिटल, टीपा लिहिण्याचा `tEXt` स्मॉल. उद्या निघणारा तुकडा आपल्याला कळणार नाही, पण तो टाळण्याजोगा आहे की नाही हे त्याच्या नावावरून आजच कळतं. नावातलं चौथं अक्षर तर असंही सांगतं की चित्र बदलून साठवताना हा न कळलेला तुकडा तसाच पुढे न्यायला हरकत आहे का. म्हणजे फोन नंबर दुरुस्त करताना पत्ता पुसला जाण्याचा मघाचा प्रश्नही त्यात आला. पार्सल कंपनीच्या रिस्पॉन्समध्ये अशी मोठ्या-लहान अक्षरांची सोय नसते, त्यामुळे तिला शब्द जपूनच वापरावे लागतात.

आता एवढं सगळं नियमात लिहून ठेवलं तरी वाचणारे ते पाळतात का? याचा सगळ्यात बोलका अनुभव ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यामधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या व्यवस्थेला आला. जोडणी सुरू करताना ब्राउझर आपल्याला येणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीचा क्रमांक कळवतो. सर्व्हरला ती येत नसेल तर त्यानं आपल्याकडची जुनी सुचवावी, असा साधा नियम. पण वर्षानुवर्षं नवा क्रमांक आलाच नाही, त्यामुळे हा नियम न पाळणारे सर्व्हर कुणाच्या लक्षात आले नाहीत. नवा क्रमांक पुढे येताच कितीतरी सर्व्हर जोडणी तोडून मोकळे होत. मग ब्राउझरनी पडतं घेतलं: जोडणी तुटली की जुन्या आवृत्तीनं पुन्हा प्रयत्न. ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झालेल्या पूडल या हल्ल्यानं नेमका याच पडतं घेण्याचा फायदा उठवला. हल्लेखोर मध्ये बसून जोडण्या मुद्दाम तोडायचा आणि ब्राउझर घसरत घसरत एसएसएल ३ या जुन्यापुराण्या, फोडता येणाऱ्या आवृत्तीवर येऊन पोहोचायचा.

न वापरलेली बिजागरी गंजते तसं हे झालं होतं. गूगलच्या डेव्हिड बेंजामिन यांनी त्यावर जो उपाय मांडला त्याचं नावच ग्रीस, म्हणजे वंगण. जानेवारी २०२० मध्ये तो RFC 8701 म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात `0x0A0A`, `0x1A1A`पासून `0xFAFA`पर्यंत सोळा निरर्थक क्रमांक राखून ठेवले आहेत. ब्राउझरनं जोडणी करताना आपल्या याद्यांमध्ये यांतला एखादा क्रमांक अधूनमधून, मनाला येईल तसा, घुसवायचा. सर्व्हर सोशिक असेल तर तो त्याकडे दुर्लक्ष करतो आणि काहीच घडत नाही. तो अडखळला तर आजच, त्याचा लेखक अजून जागेवर असतानाच, कुणाच्या तरी लक्षात येतं. एरवी हा दोष दहा वर्षांनी खरी नवी आवृत्ती आल्यावर, हजारो ठिकाणी पसरल्यानंतर कळला असता.

पार्सल कंपनीलाही हे जमण्यासारखं आहे. भागीदारांना सरावासाठी दिलेल्या सर्व्हरवर दर पन्नासातल्या एका पार्सलची स्थिती `ZZ_NOT_A_STATUS` अशी पाठवायची आणि रिस्पॉन्समध्ये एखादं निरर्थक फील्ड घालायचं. तसं करणार आहोत हे कागदपत्रांत आधी लिहायचं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तक्रारींचे फोन येतील. ज्याचा प्रोग्रॅम `else`मध्ये परतावा देतो त्याला ते खोट्या पैशांच्या खेळात समजतं. खऱ्या सर्व्हरवर हा उद्योग करायचा तर आपल्याच अ‍ॅपपुरता आणि दाखवण्यापुरत्या फील्डमध्येच करणं बरं. पैशांच्या रकान्यात वंगण घालायला कोणताही शहाणा धजावणार नाही.

टीएलएसच्या त्या गंजलेल्या बिजागरीचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ प्रसिद्ध झालं तेव्हा तिच्या कर्त्यांनी तो मूळचा आवृत्तीचा रकाना सुधारायचा नादच सोडला. त्यांनी `supported_versions` नावाचा नवा रकाना शेजारी जोडला, खऱ्या आवृत्त्यांची यादी तिथं नेली आणि ग्रीसचे निरर्थक क्रमांकही त्याच यादीत टाकता येतील अशी सोय ठेवली. जुन्या रकान्यात मात्र १.२ चा क्रमांक `0x0303` कायमचा गोठवून टाकला. आज बँकेची वेबसाइट उघडताना ब्राउझर टीएलएस १.३ वर बोलायला निघतो, तेव्हाही त्याच्या पहिल्या निरोपातल्या त्या रकान्यात १.२ असंच लिहिलेलं असतं.